आईसाठी किवी आणि ओट्स: पोट साफ होण्यासाठी खरंच उपयोग होतो का? चाचण्यांत काय दिसलंय?

मेघना_त्रिमूर्तीनगर (१२ जानेवारी)
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, माझ्याकडेच असते. गेले सात-आठ महिने तिला पोट साफ होत नाही. आठवड्यातून दोनदा, तेही जोर करून, आणि झाल्यावरही 'राहिल्यासारखं वाटतं' म्हणते. रोज रात्री चूर्ण घेते. ते चुकलं की तीन-तीन दिवस काही नाही.

भावाने पुण्याहून फोनवर सांगितलं, सकाळी ओट्स दे आणि रोज दोन किवी दे, परदेशात आता डॉक्टर हेच सांगतात. ओट्स महिनाभर दिले. सकाळची ज्वारीची भाकरी बंद करून त्याऐवजी वाटीभर ओट्स, दुधात. काडीचा फरक नाही. किवी काल गोकुळपेठ मार्केटमधून आणली, तीन नगांचा डबा १२० रुपयांना. रोज दोन म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास जातात. तेवढे घालायला माझी ना नाही, पण आधी कळू दे की हे खरं आहे की नुसतं व्हॉट्सॲप.

संत्राबर्फी (१२ जानेवारी)
किवीने प्लेटलेट वाढतात हे नक्की. माझ्या दिराला डेंग्यू झाला तेव्हा रोज चार देत होतो. पाच दिवसांत वीस हजारांवरून लाखावर. आईंना जरूर द्या.

वऱ्हाडी_ठेचा (१२ जानेवारी)
संत्राबर्फीताई, त्या पोटाचं विचारून राहिल्या, प्लेटलेटचं नाही जी. अन् डेंग्यूत ताप उतरल्यावर प्लेटलेट आपोआपच वर येतात, किवी खा का नका खाऊ.

मेघनाताई, काहून एवढा खर्च? आमच्या घरी बुढ्याले रोज एक पेरू, बिया-सालीसकट. कळमन्यातून पेटीच आणतो. कोठा एकदम साफ. किवीपेक्षा पेरूत चोथा जास्त असते, कोन्तंही पुस्तक काढून पाहा.

नीलाक्षी_आहार (१३ जानेवारी)
मी पंचवीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी पोटविकारांच्या ओपीडीत. थोडं सविस्तर लिहिते.

भाऊ सांगतात त्यातलं किवीचं खरं आहे. सगळ्यात मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. न्यूझीलंड, इटली आणि जपान या तीन देशांत मिळून १८४ माणसं होती. त्यांतली साधारण एक तृतीयांश निरोगी, उरलेल्यांना बद्धकोष्ठ, काहींना पोटदुखीसकट. प्रत्येकाने चार आठवडे रोज दोन हिरव्या किवी खाल्ल्या आणि चार आठवडे रोज साडेसात ग्रॅम इसबगोल घेतलं. कोणी आधी हे, कोणी आधी ते. मोजलं काय, तर औषधाच्या मदतीशिवाय झालेली आणि 'पूर्ण झाली' असं त्या माणसाला वाटलेली शौच, आठवड्यातून किती वेळा. बद्धकोष्ठ असलेल्यांत किवीच्या काळात ती आठवड्याला साधारण दीडने वाढली. पोटाचा जडपणा, दुखणं यातही फरक पडला.

आता दोन गोष्टी नीट पाहा. एक म्हणजे 'दीड'. दोनची साडेतीन झाली तर आईंच्या दृष्टीने ते पुष्कळ आहे, पण रोज सकाळी घड्याळासारखं होईल अशी आशा ठेवू नका. दुसरी गोष्ट, तुलना कशाशी केली? आपल्या इसबगोलाशी. तिकडे त्याला सिलियम म्हणतात आणि जगाला ते मुख्यतः आपल्या गुजरात-राजस्थानातून जातं. निष्कर्ष असा की किवी इसबगोलाच्या मागे नाही. किवी इसबगोलाला हरवते असं वाचून पैसे घालवू नका. शिवाय चाचणीचा पैसा किवी विकणाऱ्या झेस्प्री कंपनीचा होता. म्हणून निकाल खोटा ठरत नाही, पण ते माहीत असलेलं बरं.

गोकुळपेठचा_बबन (१३ जानेवारी)
म्हणजे कंपनीने पैसे देऊन करवून घेतलेली चाचणी. झालं, विषय संपला.

नीलाक्षी_आहार (१३ जानेवारी)
नाही संपत, बबनदादा. अमेरिकेत मिशिगनला २०२१ साली एक छोटी चाचणी झाली, ७९ रुग्णांची. तीन गट: रोज दोन किवी, रोज १०० ग्रॅम सुके आलूबुखार, रोज १२ ग्रॅम इसबगोल. चार आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा. आकडे पाहिले तर आलूबुखार आणि इसबगोल घेणाऱ्यांत साधारण दोन तृतीयांश लोकांना गुण आला, किवी खाणाऱ्यांत निम्म्याहून थोड्या कमी लोकांना. पण माणसं इतकी कमी होती की हा फरक खरा की योगायोगाचा, हे त्यावरून ठरवता येत नाही. किवी खाणाऱ्यांची तक्रार मात्र सगळ्यात कमी होती, पोट फुगणं त्यांनाच कमी झालं. म्हणून माझ्या मते किवीचा खरा फायदा हा की ती सोसते. इसबगोलाने ज्यांचं पोट ढोलासारखं होतं त्यांच्यासाठी ती आहे.

आणि ठेचा दादा, पेरूत चोथा जास्त हे तुमचं बरोबर. पण किवीचं काम नुसत्या चोथ्याने होत नसावं. दोन किवींत चोथा चार-पाच ग्रॅमच. इंग्लंडात नॉटिंगहॅमला १४ निरोगी माणसांना किवी खायला घालून एमआरआय काढले, तेव्हा लहान आतड्यात पाणी जास्त साठलेलं दिसलं. तिचा चोथा पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी पुढे मळात जातं. वडिलांना पेरूने बरं वाटतं ना, मग त्यांचा पेरू सोडू नका. चाचणी किवीवर झाली कारण तिच्यामागे पैसा लावणारं कोणी होतं.

वऱ्हाडी_ठेचा (१३ जानेवारी)
हे पटलं बापा. आता पेरूवाल्यांनीच संघ काढाले पाहिजे.

अनिकेत_धंतोली (१४ जानेवारी)
ओट्सचं काय पण? ते तर फायबरचा राजा म्हणतात. माझं कोलेस्टेरॉल ओट्सने खाली आलं, डॉक्टरांनीच सांगितले होते. मी मसाला ओट्स खातो, पाकिटातले. आईंना दुधातले आवडत नसतील तर ते देऊन बघा. प्रमाण वाढवा, वाटीऐवजी दोन वाट्या.

नीलाक्षी_आहार (१४ जानेवारी)
कोलेस्टेरॉलचं अर्धं बरोबर, अनिकेत. ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा चोथा रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, याला चांगला आधार आहे. पण तोच बीटा-ग्लुकन बद्धकोष्ठात कमी पडतो. तो विरघळणारा आहे, मोठ्या आतड्यातले जंतू तो बराचसा खाऊन टाकतात, मग मळाचं वजन वाढवायला उरतं काय? जुन्या प्रयोगांच्या एकत्रित हिशेबात गव्हाच्या कोंड्यातल्या एका ग्रॅम चोथ्यामागे मळ साधारण साडेपाच ग्रॅमने वाढतो, ओट्सच्या एका ग्रॅममागे साडेतीनच्या आसपास. शून्य नाही, पण राजाही नाही.

मेघना, तुझ्याकडे फरक का पडला नाही ते तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. तू ज्वारीची भाकरी काढून ओट्स दिलेस. ज्वारीत आणि ओट्समध्ये चोथा जवळजवळ सारखा, १०० ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास. वाटीभर ओट्स म्हणजे कोरडे ४० ग्रॅम, त्यात चार ग्रॅम. एका बऱ्या भाकरीचं पीठ ५० ग्रॅम, त्यात पाच. म्हणजे आईंना तू दिलंस त्यापेक्षा काढलंस जास्त, आणि वर भाकरीबरोबरची भाजीही गेली. दूध-ओट्सबरोबर अंबाडी किंवा चवळीची भाजी कोण खातं? भाकरी परत सुरू कर.

ओट्सच्या बाजूने नाव घ्यावी अशी एक चाचणी आहे, व्हिएन्नातल्या वृद्धाश्रमातली. ३० अशक्त वृद्ध होते. त्यांतल्या निम्म्यांच्या रोजच्या जेवणात सात-आठ ग्रॅम ओट्सचा कोंडा मिसळला, १२ आठवडे. त्या गटात ५९ टक्क्यांची रेचकं बंद करता आली. पण लक्षात घे, तिथे कोंडा होता आणि तो असलेल्या जेवणात *वरून* घातला होता. कोणाची भाकरी काढून नाही. मसाला ओट्सच्या पाकिटात ओट्स ३०-४० ग्रॅमच असतात, मीठ मात्र भरपूर. आईंना बीपी असेल तर ते नकोच.

अनिकेत_धंतोली (१४ जानेवारी)
मीठाचं डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःलाही बीपी आहे. बंद करतो.

काकू_सक्करदरा (१५ जानेवारी)
मी रोज रात्री एक चमचा इसबगोल कोमट दुधातून घेते, सहा वर्षं झाली. काही उपयोग नाही. आणि तुम्ही म्हणता चाचणीत उपयोग झाला!

नीलाक्षी_आहार (१५ जानेवारी)
काकू, चमचा कुठला? चहाचा की पोह्यांचा?

काकू_सक्करदरा (१५ जानेवारी)
चहाचा गं. सपाट.

नीलाक्षी_आहार (१५ जानेवारी)
तिथेच घोटाळा आहे. भुशी फार हलकी असते. माझ्या घरच्या काट्यावर चहाचा सपाट चमचा जेमतेम दोन ग्रॅम भरतो, पोह्यांचा मोठा शिगोशीग भरला तर पाचाच्या जवळ जातो. चाचण्यांत साडेसात ते बारा ग्रॅम होतं. चोथ्याच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही दहा ग्रॅमच्या वर आणि किमान चार आठवडे दिलं तिथे गुण जास्त दिसला. तुम्ही सहा वर्षं पाचव्या हिश्श्याएवढंच घेत आलात.

पण उद्यापासून एकदम पाचपट करू नका, पोट फुगेल. दर चार-पाच दिवसांनी एक चहाचा चमचा वाढवा, सकाळ-संध्याकाळ वाटून. प्रत्येक वेळी मोठा ग्लासभर पाणी, आणि ते लगेच प्यायचं, भुशी ग्लासात फुगायच्या आत. गिळायला त्रास होत असेल तर इसबगोल घेऊच नका, अडकतं. आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

बसून_बसून_कंटाळलेला (१६ जानेवारी)
हे नाव याच धाग्यासाठी घेतलं, ओळखीत सांगायला लाज वाटते. वय ४१. किवी, ओट्स, इसबगोल १५ ग्रॅम, सगळं झालं. मळ कडक नाही, मऊच आहे. पण बाहेर येत नाही. चाळीस मिनिटं बसतो. कधी बोटाने मदत करावी लागते. आणखी फायबर वाढवू का?

नीलाक्षी_आहार (१६ जानेवारी)
तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, यात लाज नाही. फायबर आता वाढवू नका. मऊ असून बाहेर येत नसेल तर अडचण दाराशी आहे. जोर करताना जे स्नायू सैल पडायला हवेत ते आवळले जात असावेत. जर्मनीत १९९७ साली १४९ रुग्णांना सहा आठवडे रोज १५ ते ३० ग्रॅम इसबगोलाचं बी दिलं होतं. ज्यांच्या तपासणीत काही दोष नव्हता त्यांतल्या ८५ टक्क्यांना बरं वाटलं. ज्यांचं आतडंच मंद होतं त्यांतल्या ८० टक्क्यांना गुण नाही, आणि तुमच्यासारखी दाराशी अडचण असणाऱ्यांतल्या ६३ टक्क्यांनाही नाही. पोटविकार तज्ज्ञांना 'बोटाची मदत घ्यावी लागते' हे याच शब्दांत सांगा. ते गुदाशयाच्या दाबाची तपासणी करतील. स्नायू सैल करायला शिकवतात, त्याला बायोफीडबॅक म्हणतात, आणि या प्रकारात औषधापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

मेघना, तुला विचारायचं राहिलं. आई कुठल्या गोळ्या घेतात? आणि सात-आठ महिन्यांपूर्वी नक्की काय झालं की हे सुरू झालं?

मेघना_त्रिमूर्तीनगर (१६ जानेवारी)
बीपीची अम्लोडिपिन बरीच वर्षं आहे. कॅल्शियम आहे. आणि गेल्या जूनमध्ये हिमोग्लोबिन ९.४ आलं म्हणून लोहाची गोळी सुरू केली, रोज एक. अरे... साधारण तेव्हापासूनच हे आहे.

नीलाक्षी_आहार (१६ जानेवारी)
लोह आणि कॅल्शियम, दोन्हींनी बद्धकोष्ठ होतं. पण त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: ६७व्या वर्षी हिमोग्लोबिन ९.४ का? पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली असतील, मग लोह जातंय कुठे? या वयात नव्याने सुरू झालेलं बद्धकोष्ठ आणि कमी रक्त एकत्र दिसलं की मोठ्या आतड्याची तपासणी व्हायलाच हवी. घाबरवत नाही, बहुतेकांना काही निघत नाही. पण किवीचा डबा त्यानंतर उघड. कुणी विचारलं होतं का, शौचात रक्त, वजन कमी होणं?

मेघना_त्रिमूर्तीनगर (१६ जानेवारी)
नाही. कुणीच विचारलं नाही. आईने आत्ता सांगितलं, अधूनमधून कागदावर लाल दिसतं. 'तुला कशाला सांगायचं' म्हणाली. उद्याच जाते.

गोकुळपेठचा_बबन (१७ जानेवारी)
मी वर 'विषय संपला' लिहिलं होतं ते मागे घेतो. ताई, कळवा काय होतं ते.

काकू_सक्करदरा (९ फेब्रुवारी)
माझा हिशेब: चहाचे चार चमचे, दोन सकाळी दोन संध्याकाळी, इथवर आले. पहिला आठवडा वाऱ्याने हैराण. आता एक दिवसाआड होतंय, पूर्वी तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्हायचं. दुधातून बंद केलं, पाण्यातूनच घेते. मेघनाची काही खबर?

संत्राबर्फी (१० फेब्रुवारी)
माझ्या मुलीला, वय तीन, किवी दिली तर ओठाभोवती लाल पुरळ आलं आणि जीभ खाजते म्हणाली. चालेल ना थोडी थोडी देत राहिली तर?

नीलाक्षी_आहार (१० फेब्रुवारी)
अजिबात नको. किवीची ॲलर्जी खरी असते आणि पुढच्या वेळी जास्त जोरात येऊ शकते. बालरोगतज्ज्ञांना दाखवून घे, तोवर बंद. पपई, केळं खाऊन असंच होतं का तेही सांग त्यांना.

मेघना_त्रिमूर्तीनगर (२६ एप्रिल)
उशिरा लिहितेय, पण वही पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

कोलोनोस्कोपी झाली. गाठ नाही, अल्सर नाही, आतले मूळव्याध आहेत. रक्त बहुतेक तिथून. वरची एन्डोस्कोपीही केली, ती ठीक. डॉक्टरांनी लोहाची गोळी रोजऐवजी एक दिवसाआड केली, आणि कॅल्शियम दुसऱ्या प्रकारचं दिलं.

मग नीलाक्षीताईंशी खाजगीत बोलून वही घातली. तपासणीसाठी पोट पूर्ण रिकामं केलेलं असतं म्हणून पहिला आठवडा सोडून दिला. मोजायचं एकच: चूर्णाशिवाय झाली आणि आई 'झाली पूर्ण' म्हणाली तरच एक रेघ. चूर्ण फक्त सलग तीन दिवस काही नाही झालं तर.

भाकरी परत, लोह एक दिवसाआड, किवी नाही, असे दोन आठवडे: २, ३.
मग रोज दोन हिरव्या किवी, सकाळी, साल काढून, चार आठवडे: ३, ४, ५, ४.
मग किवी बंद, बाकी सगळं तेच, दोन आठवडे: ४, ३.

किवी सुरू केली तेव्हा मला वाटलं होतं की लोह कमी केल्यानेच सुधारतंय. ताईंनी बंद करून बघायला लावलं म्हणून कळलं की किवीचाही वाटा आहे. आठवड्याला एकाच्या आसपास म्हणा. चूर्ण मार्चपासून फक्त दोनदा लागलं.

अनिकेत_धंतोली (२६ एप्रिल)
म्हणजे दीडच्या जवळपासच की, चाचणीसारखं!

नीलाक्षी_आहार (२६ एप्रिल)
एका माणसाच्या दोन-दोन आठवड्यांवर इतका भार टाकू नकोस. बंद केल्यावरचा पहिला आठवडा ४ आहे, दुसरा ३. तिसरा ४ आला असता तर? शिवाय आपण किवी खातोय हे आईंना माहीत आहे आणि 'पूर्ण झाली' हे त्यांच्याच वाटण्यावर आहे. मोठ्या चाचण्यांचाही हाच कच्चा दुवा आहे, किवी लपवून कशी देणार? चोथ्याच्या ज्या चाचण्यांत दुसऱ्या गटाला निरुपयोगी पूड दिली, तिथे त्या गटातल्याही दहापैकी चार जणांना बरं वाटलं होतं. पण आईंचं चूर्ण सुटलं ना, ते मला आकड्यांपेक्षा जास्त सांगतं.

आता इसबगोल करून बघ, सात-आठ ग्रॅमपर्यंत नेऊन, चार आठवडे. जमलं तर खर्च कितीतरी कमी होईल.

मेघना_त्रिमूर्तीनगर (२७ एप्रिल)
सुरू केलं होतं ताई. पाचव्या दिवशी आई म्हणाली, पोटात नगारा वाजतोय, मी हे घेणार नाही. मी हळू वाढवायला हवं होतं बहुतेक. ती किवीच मागव म्हणते, आंबट लागते म्हणून उन्हाळ्यात बरी वाटते तिला.

काकू_सक्करदरा (२७ एप्रिल)
माझा पहिला आठवडा तसाच गेला होता, आईंना सांग. अर्धा चमचा, आणि उन्हात पाणी वाढवून. इथे ४४ झालंय, पाणी कमी पडलं की इसबगोल उलटच करतं.

वऱ्हाडी_ठेचा (२७ एप्रिल)
किवी गोकुळपेठेतून नका घेऊ ताई. कळमन्यात पेटी घेतली तं नगामागे बराच फरक पडते. कडक घेजा, घरी सफरचंदासोबत पिशवीत ठेवली तं तीन-चार दिवसांत पिकते. अन् सोनेरी देऊन राहिले तं थांबा, आधी इथं विचारा.

नीलाक्षी_आहार (२७ एप्रिल)
सोनेरीवरही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि उपयोग दिसला आहे, पण मी इसबगोलाशी तुलनेच्या सांगितल्या त्या दोन्ही चाचण्या हिरवीच्या आहेत. मेघना, आईंचं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं? किडनी नीट नसेल तर रोज दोन किवींतलं पोटॅशियम मोजावं लागतं.

मेघना_त्रिमूर्तीनगर (२७ एप्रिल)
फेब्रुवारीत कोलोनोस्कोपीच्या आधी केलं होतं, ०.९. आणि हिमोग्लोबिन आता १०.८.